समुद्राचा निळा रंग

जानेवारीत मोठे मामू आमच्याकडे मीरा रोडला राहायला आले, ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. त्यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळांतून चौतीस वर्षं चित्रकला शिकवली. आता वय 76. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा जास्त पिकलेला. गावच्या डॉक्टरांनी मुंबईला जायला सांगितलं आणि मामी म्हणाल्या, भाचीचं घर असताना लॉजवर कशाला?

मला त्यांच्या येण्याचा आनंद होता आणि थोडी धडधडही होती. गेली दोन वर्षं मी जलरंगात चित्रं काढते. धाकटी कॉलेजात जायला लागल्यापासून दुपारचे दोन तास माझे झाले, त्यातून हे सुरू झालं. भाईंदर पश्चिमेहून बस पकडायची, उत्तनला उतरायचं, किनाऱ्यावर बोंबील वाळत असतात तिथे कुणाच्या तरी ओसरीच्या सावलीत बसायचं. तिथल्या कोळणी आता ओळखतात. एकीने तर मला बसायला प्लॅस्टिकची खुर्ची ठरवूनच टाकली आहे. मामू येण्याच्या आदल्या आठवड्यात मी एक चित्र पुरं केलं होतं. पाव शीट, म्हणजे साधारण 11 बाय 15 इंच. पुढे वाळू, वाळूवर बोंबलांच्या वलांड्या, मधे ओढून ठेवलेली होडी, मागे समुद्र आणि आभाळ. घरात सगळ्यांना आवडलं. मुलांच्या अब्बांनी तर फ्रेमवाल्याला भावही विचारून ठेवला. चित्र मामींना द्यायचं होतं, त्यांच्या ओटीवर लावायला. म्हणून आधी मामूंनी ते बघायला हवं होतं.

पहिल्या संध्याकाळी चहा झाल्यावर मी ते समोर ठेवलं. मामूंनी ते उचललं, खिडकीपाशी नेलं, डोळे अगदी किलकिले केले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला म्हणाले, "घरात एखादं रिकामं खोकं आहे का? मिठाईचं चालेल."

खोक्याच्या झाकणाचे त्यांनी दोन काटकोनी तुकडे कापले, इंग्रजी एल अक्षरासारखे. ते दोन तुकडे चित्रावर समोरासमोर ठेवले की मधे एक चौकट तयार होते आणि ती हवी तशी लहान-मोठी करता येते. मामू ती चौकट माझ्या चित्रावर सरकवत राहिले. "आता तू सांग. यातलं नक्की काय बघण्यासाठी तू उत्तनला गेली होतीस?"

मी म्हटलं, बोंबील. उन्हात ते काचेसारखे चमकतात.

"मग होडी मधोमध का बसली आहे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. होडी मोठी होती, रंगीत होती आणि समोर होती, म्हणून ती मधे आली. मामूंनी चौकट सरकवून होडीचा अर्धा भाग डावीकडे बाहेर काढला. वरचं निम्मं आभाळही झाकलं. राहिल्या त्या वलांड्या, त्यांच्यामागची पाण्याची पट्टी आणि कोपऱ्यात होडीची नाळ. चित्र एकदम काहीतरी सांगू लागलं. मला गंमतही वाटली आणि वाईटही वाटलं, कारण एवढी मेहनत करून रंगवलेलं आभाळ झाकल्याने काहीच बिघडलं नव्हतं.

मग त्यांनी बोटाने क्षितिजाची रेघ दाखवली. ती बरोबर मध्यावर होती. वर साडेपाच इंच आभाळ, खाली साडेपाच इंच जमीन आणि पाणी. "तू कागदाच्या दोन वाटण्या केल्यास. बघणाऱ्याला कळत नाही की गोष्ट वर चालली आहे की खाली. वाळूवरचं दाखवायचं असेल तर रेघ वर ने. आभाळ दाखवायचं असेल तर खाली आण. कुठे आणायची याचा काही कायदा नाही, पण निम्मं-निम्मं करायचं तर त्याला कारण लागतं."

यापुढची चूक मात्र मला कधीच दिसली नसती. वलांड्यांचे बांबू मी क्षितिजापर्यंत काढले होते आणि प्रत्येक बांबूचं टोक बरोबर क्षितिजाच्या रेघेला जाऊन टेकलं होतं. होडीच्या काठीचं टोकही तिथेच. प्रत्यक्षात त्या वलांड्या माणसाहून उंच असतात; मी खुर्चीत बसले होते, म्हणजे त्यांची टोकं आभाळात बरीच वर जायला हवी होती. पण हाताला सवय असते, जिथे रेघ आली तिथे तो थांबतो. मामू म्हणाले, "दोन वस्तू चित्रात एकमेकींना नुसत्या टेकल्या की पुढची कुठली आणि मागची कुठली हे डोळ्याला समजत नाही. तुझा बांबू वाळूत रोवलेला आहे की समुद्रावरून लोंबतो आहे? एक तर रेघ ओलांडून पुढे जा, नाही तर स्पष्ट खाली थांब. टेकू नकोस." त्यांनी पेन्सिलीने एकच बांबू दोन इंच वर वाढवला. तेवढ्याने तो बांबू पुढे आला आणि समुद्र मागे गेला. चित्रात मी खूप ठिकाणी टेकवाटेकवी केली होती. त्या रात्री मोजली तर नऊ जागा सापडल्या.

सावल्यांबद्दल ते हसले. "हे किती वाजताचं आहे?" उत्तनचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. मी जोहरनंतर साधारण तीनला बसले होते आणि मगरीबच्या थोडं आधी उठले. थंडीच्या दिवसांत सूर्य त्या वेळी डावीकडून, नैऋत्येकडून खाली उतरत येतो. होडी मी आधी रंगवली, तेव्हा तिची सावली आखूड आणि उजवीकडे पडलेली. बांबू शेवटी रंगवले, तेव्हा त्यांच्या सावल्या लांबलचक होऊन थेट माझ्या पायांकडे आलेल्या. मी जे दिसलं ते प्रामाणिकपणे काढलं होतं, पण एका कागदावर तीन तास पसरले होते. "बसल्या बसल्या पहिल्या पाच मिनिटांत सावल्यांच्या जागा पेन्सिलीने आखून टाक. मग सूर्य कुठेही जाऊ दे, तू आखलेल्या सावलीला धरून राहा."

माणसं का नाहीत, हेही त्यांनी विचारलं. आमच्या सासरी माणसांची चित्रं काढत नाहीत आणि मीही काढत नाही. मामूंना ते ठाऊक होतं. त्यांचा रोख वेगळा होता. माणूस चित्रात असला की वस्तूंची उंची कळते आणि जागा वापरातली वाटते. तो काढायचा नसेल तर त्याची खूण ठेव, म्हणाले. पाटी, वाळूत रोवलेली छत्री, दोरीवरची लुंगी, तुझी ती प्लॅस्टिकची खुर्ची. मग मला चिडवलं, "बोंबील मात्र चालतात म्हणायचे." मामी आतून म्हणाल्या, सुकलेले चालतात, आम्ही खातोही.

बोंबलांवरून मात्र मामूंनी मला खरंच सुनावलं. मी एकेक बोंबील काढला होता. ज्यांनी पाहिलं असेल त्यांना ठाऊक आहे, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी आडव्या बांबूवर टाकतात, एक इकडे, एक तिकडे. अशा शेकडो जोड्या. मी दीडशे तरी काढल्या असतील, प्रत्येकाला करड्या रंगाची कड देऊन. लांबून ते कंगव्याच्या दातांसारखे दिसत होते. चमक कुठेच नव्हती.

"चमक रंगाने येत नाही," मामू म्हणाले. "जलरंगात सगळ्यांत उजळ रंग तुझ्या पेटीत नाही. तो कागद आहे. बोंबील पांढरा ठेवायचा तर त्याला हात लावायचा नाही. त्याच्या मागचा अंधार रंगवायचा."

त्यांनी एका चिटोऱ्यावर दाखवलं. आधी संपूर्ण वलांडीच्या जागेवर अगदी पातळ, गुलाबी झाक असलेला पिवळट रंग दिला. तो पूर्ण वाळू दिला. मग बोंबलांच्या मधल्या फटी तेवढ्या गडद रंगाने भरल्या. काही ठिकाणी अरुंद, काही ठिकाणी रुंद, आणि मधेच एका जागी दोन-तीन बोटं रुंदीचा भाग काहीच न करता सोडून दिला. मी दीडशे बोंबील काढूनही जे झालं नव्हतं, ते बारा-पंधरा फटींत झालं. उन्हाच्या उलट बाजूने पाहिलं की बोंबील आरपार उजळतात. ते उजळणं दिसण्यासाठी शेजारी काळोख लागतो. याच ओघात त्यांनी हळदणकरांच्या समईवाल्या बाईच्या चित्राची आठवण काढली. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे ते. पुष्कळांना ते राजा रविवर्म्याचं आणि तैलरंगातलं वाटतं; आहे सावंतवाडीच्या हळदणकरांचं, आणि जलरंगात. दिव्यासाठी त्यांची मुलगीच उभी राहिली होती. "त्या दिव्याभोवतीचा अंधार काढून टाक, मग बघ दिवा उरतो का."

आता रंगांकडे येते. खरी गोष्ट तिथे घडली.

माझ्याकडे बारा ट्यूबची विद्यार्थ्यांची पेटी आहे आणि त्या चित्रात मी बाराही वापरल्या होत्या. उत्तनच्या होड्या असतातच रंगीत. निळी, त्यावर लाल पट्टा, त्यावर पिवळी अक्षरं, वर हिरवा झेंडा. मी सगळे रंग सारख्याच जोराने लावले होते. मामू म्हणाले, चित्रात सगळेच ओरडायला लागले की कुणाचंच ऐकू येत नाही. मोठा आवाज एकाच जागी ठेव, जिथे बघणाऱ्याने थांबावं असं तुला वाटतं तिथे. बाकीच्यांना करडेपणा दे. मी म्हटलं, पण होड्या खरोखरच तशा आहेत. त्यावर त्यांचं उत्तर मला पटलं. सूर्य समोर असताना होडीची आपल्याकडची बाजू सावलीत असते आणि सावलीत निळा, लाल, हिरवा हे सगळे दबून एकमेकांच्या जवळ येतात. म्हणजे करडेपणा देणं ही चित्रकाराची मर्जी नव्हे. संध्याकाळी तिथे दिसतं तेच ते आहे. माहीत असलेला रंग आणि दिसणारा रंग यांत मी माहीत असलेला लावला होता.

मग ते समुद्राशी आले. माझा समुद्र निळा नव्हता. वसईची खाडी तिथून जवळच समुद्राला मिळते आणि गाळ आणते, त्यामुळे उत्तनचं पाणी बहुतेक दिवस मातकट करडं असतं. मी पिवळी माती, थोडा तपकिरी आणि किंचित निळा असं मिसळून तो रंग मुद्दाम केला होता. त्यात मला खूप वेळ लागला होता आणि त्या चित्रातलं तेवढं एकच काम माझं मला मनापासून आवडलं होतं.

मामू म्हणाले, "हे पाणी नाही, चहा आहे. चित्रात थंड रंग कुठे आहेच नाही. सगळं पिवळं पडलंय. इथे निळा घाल."

मी सांगितलं, तिथलं पाणी तसंच आहे. ते म्हणाले, असेल, पण तराजू बघ ना, एका पारड्यात सगळं ऊन आणि दुसरं रिकामं. चौतीस वर्षं शिकवलेला माणूस. बाकी सगळं त्यांनी अचूक पकडलेलं. मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी, ते हॉस्पिटलात तपासण्यांना गेले असताना, मी समुद्रावर आणि आभाळाच्या खालच्या भागावर प्रशियन ब्ल्यूचा पातळ हात दिला. पेटीत तोच निळा सगळ्यांत थंड होता. रंग वाळल्यावर माझ्या पोटात कसंतरी झालं. पण संध्याकाळी मामूंनी बघून "आता कसं" म्हटलं आणि मी तो विचार सोडून दिला.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं. अल्हम्दुलिल्लाह, काही त्रास झाला नाही. पट्टी निघाली त्या दिवशी मामू पलंगावर बसून एक विचित्र खेळ खेळत होते. एक डोळा झाकायचा, पांढऱ्या चादरीकडे बघायचं, मग दुसरा झाकायचा. मला हाक मारली. "बेटा, ही चादर कुठल्या रंगाची?" पांढरी, मी म्हटलं. "उजव्याने पांढरी आहे, जरा निळसरच. डाव्याने चहात बुडवल्यासारखी आहे. आणि दोन महिन्यांपूर्वी कुणी विचारलं असतं तर मी शपथेवर पांढरी म्हटलं असतं."

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी ते समजावलं. डोळ्यातलं भिंग वयाप्रमाणे पिवळं, मग तपकिरी होत जातं आणि पिवळं भिंग निळा उजेड अडवतं. हे वर्षानुवर्षं इतकं सावकाश होतं की मेंदू त्याला सरावतो, माणसाला पत्ता लागत नाही. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून स्वच्छ भिंग बसवलं की निळा एकदम परत येतो. फ्रान्सच्या मोने नावाच्या मोठ्या चित्रकाराचं 1923 साली एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यालाही सगळं जास्तच निळं दिसू लागल्याची तक्रार होती. मामूंना मोने माहीत होता. शाळेत मुलांना त्याची चित्रं त्यांनी दाखवली होती. गोष्ट आपल्याच डोळ्यात चालू आहे हे मात्र सुचलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी माझं चित्र मागितलं. मी म्हटलं, राहू द्या ना. ते ऐकेनात. डावा डोळा झाकून बघितलं आणि चित्र हळूच मांडीवर ठेवलं.

"हे निळं मी घालायला सांगितलं?"

मी काही बोलले नाही.

"आधीचं पाणी कसं होतं, ते आठवतं तुला? मला त्याचा फोटो दाखव." फोनमध्ये फोटो होता. तो त्यांनी उजव्या डोळ्याने पाहिला. मग म्हणाले, "तुझं बरोबर होतं. वाळू, पाणी, आभाळ, तिघांत एकच माती मिसळलेली होती, म्हणून चित्र एका घरातलं वाटत होतं. मी पाहुणा आणून बसवला." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "तू मला सांगितलं होतंस की तिथलं पाणी तसं आहे. मी ऐकलं नाही. पण तूही एकदा सांगून गप्प बसलीस."

तो निळा काढता येईल का, हे आम्ही दोघांनी करून पाहिलं. स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेल्या ब्रशने अलगद घासायचं आणि लगेच टिश्यूने टिपायचं, ही रीत. अल्ट्रामरीन असता तर बराचसा उठला असता, कारण त्याचे कण मोठे असतात आणि कागदावर वरवर बसतात. प्रशियन ब्ल्यूचे कण फार बारीक, ते कागदाच्या तंतूंत जाऊन भिनतात. तिसऱ्यांदा घासल्यावर रंग तसाच राहिला आणि कागदाच्याच गाठोळ्या निघू लागल्या. मामूंनी ब्रश खाली ठेवला. फ्रेमवाल्याला नको म्हणून कळवलं.

त्यानंतर त्यांनी माझी पेटी घेतली आणि नऊ ट्यूब पिशवीत घालून मामींच्या ताब्यात दिल्या. उरल्या तीन: अल्ट्रामरीन ब्ल्यू, बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळले की करडा मिळतो. निळा थोडा जास्त असेल तर तो करडा थंड, सिएना जास्त असेल तर उबदार; पाणी कमी घेतलं तर जवळजवळ काळा. म्हणजे सावलीसाठी काळी ट्यूब लागत नाही आणि चित्रातल्या प्रत्येक सावलीत तेच दोन रंग असल्यामुळे समतोल आपोआप राहतो. उत्तनचं पाणी या दोघांत चिमूटभर ऑकर घातला की तयार. लाल झेंड्यासाठी मी भांडले, तेव्हा चौथी ट्यूब परत मिळाली, पण ती एका चित्रात एकदाच वापरायची या अटीवर.

ही ट्यूबही महिनाभर उघडायची नव्हती. आधी मला एकाच रंगात चित्रं करायची होती. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीनचा एक गडद करडा घोळ करायचा आणि त्यात फक्त तीन पायऱ्या: कोरा कागद, मधला, गडद. काड्यापेटीच्या दुप्पट आकाराची चौकट, दहा मिनिटं, त्यात बारकावा एकही नाही. डोळे किलकिले करून जे एकत्र मिसळून दिसतं ते एकाच डागात टाकायचं. पहिल्या आठवड्यात माझ्या सगळ्या चौकटी मधल्या करड्याने भरलेल्या होत्या. ना धड पांढरं, ना गडद. मामू म्हणाले, हाच तुझा आजार आहे, रंगांच्या गर्दीत तो लपला होता. दोष ओळखण्याची एक सोपी रीत त्यांनी दिली: चित्राचा फोन्यात फोटो काढायचा आणि रंग काढून टाकायचे. कृष्णधवल फोटोत होडी आणि वाळू एकाच करड्यात मिसळून गेली, तर ती वेगळी दिसत होती ती केवळ रंगामुळे. माझ्या जुन्या चित्राचा तसा फोटो काढला, तर वलांड्या जवळपास गायबच झाल्या.

दुसरा सराव आभाळाचा. माझ्या आभाळात एका जागी फुलकोबीच्या गड्ड्यासारखा डाग पडला होता, कडा कातरलेली. मी त्याला ढग म्हणून खपवत होते. तो अर्धवट वाळलेल्या रंगात जास्त ओला ब्रश गेल्याने होतो. नवं पाणी आधीच्या रंगाला ढकलत नेतं आणि कडेला नेऊन टाकतं. कधी हात लावायचा नाही, हे कागद तिरका धरून बघितलं की कळतं. पृष्ठभाग आरशासारखा चमकत असेल तर अजून रंग सोडता येतो. चमक गेली पण बोटाच्या मागच्या बाजूला कागद गार लागतो, ती वेळ सर्वांत वाईट. तेव्हा उठून कामाला लागावं. गार लागणं थांबलं की वाळला. उत्तनला समुद्राच्या दमट हवेत ही मधली वेळ घरापेक्षा बरीच लांबते आणि माझी घाई तिथेच नडायची.

सपाट हात देण्यासाठी बोर्डाखाली एका बाजूने दोन बोटं उंचीचं पुस्तक ठेवायचं. पाव शीटच्या आभाळाला चहाचे दोन-तीन चमचे पातळ रंग आधीच घोळून ठेवायचा, कारण मधेच संपला आणि नवा करत बसलो की वरचा वाळतो. भरलेला ब्रश वरून आडवा न्यायचा. खालच्या कडेला रंगाचा एक थेंब लांबट मण्यासारखा साचतो. पुढचा हात त्या मण्याला स्पर्श करून न्यायचा, म्हणजे मणी खाली सरकतो. तळाला पोचल्यावर ब्रश पिळून तो मणी टिपून घ्यायचा, नाही तर तोच उलटा वर चढून गड्डा करतो. रोज दोन, पाठकोऱ्या चित्रांच्या मागच्या बाजूला. माझ्या जुन्या वहीचा कागद पातळ, तो पाण्याने फुगून त्यात तळी साचायची. 300 ग्रॅमचा कागद घेतल्यावर निम्मा त्रास गेला. महाग पडतो, म्हणून एका शीटचे आठ तुकडे करते.

हे सगळं करवून घेताना मामू एकदाच दुसऱ्या कुणाबद्दल बोलले. तरुणपणी ते कोल्हापूरला आबालाल रहिमान यांची चित्रं बघायला गेले होते. जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला माणूस, शाहू महाराजांनी दरबारात नेमलेला. त्यांनी कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा काठ असल्या घराजवळच्या जागाच पुन्हा पुन्हा रंगवल्या. 1931 साली ते गेले. मामूंना त्यात काय आवडलं ते त्यांना शब्दांत नीट सांगता आलं नाही. एवढंच म्हणाले, "तेच पाणी, पण दर वेळी वेगळ्या उजेडातलं. तू उत्तन सोडू नकोस. नवीन जागा शोधायला जाऊ नकोस."

फेब्रुवारीच्या शेवटी मी त्यांना घेऊन उत्तनला गेले. डॉक्टरांनी परवानगी दिली होती. काळा चष्मा लावून, धूळ टाळून. ओळखीच्या कोळणीने दुसरी खुर्ची आणली आणि मामूंच्या चष्म्याची चौकशी केली. तिच्या सासूचंही तेच ऑपरेशन व्हायचं होतं, त्यामुळे आमची अर्धी दुपार त्यातच गेली. असरच्या सुमाराला मी कागद काढला. पाच मिनिटांत सावल्या आखल्या. क्षितिज वरून तिसऱ्या हिश्श्यावर घेतलं, बांबू त्याच्या बरेच वर जाऊ दिले. होडीची फक्त नाळ घेतली, डावीकडे. लुंगी वाळत होती, ती घेतली. बोंबलांच्या फटी भरताना हात थरथरत होता, तरी मधला एक पट्टा मी हात न लावता सोडला.

पाण्यापाशी आल्यावर मी थांबले. मामूंकडे बघितलं. ते समुद्राकडे तोंड करून बसले होते. त्यांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला, डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि उजव्याने बराच वेळ पाण्याकडे पाहिलं.

"कुठला रंग घालू?" मी विचारलं.

"मला काय विचारतेस? तू बघते आहेस ना," ते म्हणाले आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला.

मी ऑकर आधी घेतला, मग सिएना, मग थोडा निळा. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन एप्रिलमध्ये आहे. हे चित्र मामींच्या ओटीवर लागायचं की नाही, ते मामू त्यानंतर ठरवणार आहेत, दोन्ही डोळ्यांनी.